एकच आलेख तीन ठिकाणी चिकटवू नका, तीनदा काढा

सामाजिक क्षेत्रातल्या अहवालांमध्ये एक सवय मला सातत्याने खटकते. छापील पानासाठी काढलेला आलेख जसाच्या तसा स्लाइडवर चढवला जातो आणि तोच पुढे व्हॉट्सअॅपवरही पाठवला जातो. त्यातून काम वाचते हे खरे, पण तीनपैकी दोन ठिकाणच्या वाचकांच्या हाती काहीच लागत नाही.

उदाहरणासाठी २०११च्या जनगणनेतली महाराष्ट्राची जिल्हावार साक्षरता घेऊ. राज्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ८८.४ टक्के आणि स्त्रियांची ७५.९ टक्के होती, म्हणजे साडेबारा टक्क्यांचे अंतर होते. प्रत्येक जिल्ह्यात हे अंतर किती आहे हे दाखवायचे असेल, तर जिल्ह्यागणिक एक आडवी ओळ, तिच्यावर स्त्रियांसाठी भरीव ठिपका, पुरुषांसाठी पोकळ वर्तुळ आणि दोहोंना जोडणारी रेघ ही मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. ठिपक्यांच्या आलेखात अक्ष ५० टक्क्यांपासून सुरू केला तरी चालतो. स्तंभ काढले असते, तर त्यांची लांबीच वाचली जात असल्यामुळे शून्यापासून सुरुवात करावी लागली असती.

छापील ए-फोर पानावर हा आलेख आरामात बसतो. त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांना प्रत्येकी ५ मिलिमीटर दिले, तर १७५ मिलिमीटर उंची लागते आणि २९७ मिलिमीटर उंचीच्या पानावर शीर्षकाला व टिपेला जागा उरते. इंग्रजी नावे ८ पॉइंटमध्ये वाचता येतात, परंतु ‘सिंधुदुर्ग’मधला अनुस्वार, उकार आणि रफार त्या आकारात एकमेकांत मिसळू लागतात, म्हणून देवनागरीसाठी मी ९ पॉइंटच्या खाली जात नाही. ठिपका भरीव आणि वर्तुळ पोकळ ठेवण्याचे कारणही छपाईतच आहे. अहवालाची झेरॉक्स निघते आणि तिच्यात लाल व हिरवा रंग जवळजवळ एकाच करड्या छटेचे होतात.

स्लाइडवर मात्र हेच गणित कोलमडते. नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते आणि शीर्षक वगळता साधारण ४२० उरते, म्हणजे ३५ ओळींना प्रत्येकी १२ पॉइंट मिळतात व अक्षर फार तर ९ पॉइंटचे होते. दीड मीटर उंचीच्या पडद्यावर ते अडीच सेंटीमीटरचे दिसेल. ही उंची पुरेशी वाटते, पण नऊ मीटरवर शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला ते हातातल्या छापील अक्षराच्या निम्म्याहूनही लहान भासते. छापील पानाइतके स्पष्ट दिसायचे, तर अक्षर २४ पॉइंटच्या आसपास हवे आणि मग डझनभराहून अधिक ओळी बसतच नाहीत. त्यामुळे स्लाइडवर निवड करावीच लागते. सर्वांत वरचा मुंबई उपनगर (एकूण साक्षरता ८९.९ टक्के), सर्वांत खालचा नंदुरबार (६४.४ टक्के), राज्याची सरासरी आणि ज्यांच्याविषयी वक्ता बोलणार आहे ते मोजके जिल्हे, एवढेच ठेवावेत. फिकट करडी जोडरेघही गडद करावी, कारण दिवे चालू असलेल्या सभागृहात प्रोजेक्टर ती पुसून टाकतो.

फोन सर्वांत लहान, म्हणून त्यावर सर्वांत कमी माहिती द्यावी, हा समज मला चुकीचा वाटतो. फोनला रुंदी नाही, पण लांबी हवी तेवढी आहे, कारण वाचक बोटाने खाली सरकत जातोच. बहुतेक फोनवर वेबपानाची रुंदी ३६० पिक्सेलच्या आसपास धरली जाते. जिल्ह्याचे नाव डावीकडे ठेवले, तर तिचा जवळजवळ तिसरा भाग नावातच जातो आणि ठिपके एकमेकांना चिकटतात. नाव ओळीच्या वर घेतले, की अक्षाला सुमारे ३२० पिक्सेल मिळतात आणि राज्याचे साडेबारा टक्क्यांचे अंतर ८० पिक्सेलचे, म्हणजे सहज डोळ्यांत भरणारे होते. प्रत्येक जिल्ह्याला ४८ पिक्सेल दिले, तर पूर्ण आलेख सुमारे १,७०० पिक्सेल लांब होतो, म्हणजे जेमतेम तीन पडदे. स्लाइडवर वगळावे लागलेले सगळे जिल्हे येथे परत येतात.

त्यासाठी दोन बदल मात्र करावे लागतात. खाली सरकताना वरचा अक्ष नजरेआड जातो, म्हणून दोन्ही आकडे प्रत्येक ओळीतच लिहावेत; माउस वर नेल्यावर आकडा उमटण्याची सोय फोनवर उपयोगाची नाही. याउलट छापील आलेखाचे चित्रच पाठवले, तर १६० मिलिमीटरची रुंदी ६५ मिलिमीटरवर येते आणि ९ पॉइंटचे अक्षर साडेतीन पॉइंटचे होते. वाचक ते बोटांनी मोठे करतो, पण तेव्हा नाव दिसते तर ठिपका पडद्याबाहेर जातो.

तिन्ही ठिकाणी जिल्ह्यांचा क्रम, खुणा आणि ५० ते १०० हा अक्ष तोच राहिला पाहिजे. स्लाइडवर अक्ष ६० पासून घेतला, तर तेच अंतर अधिक रुंद दिसेल आणि अहवाल चाळत ऐकणारा श्रोता गोंधळेल; शिवाय नंदुरबारच्या स्त्रियांचा ठिपका अक्षाबाहेरच जाईल. फोनच्या आवृत्तीत टीपही आलेखाच्या चौकटीच्या आतच छापावी, कारण स्क्रीनशॉट पुढे जाताना चौकटीबाहेरचे सारे गळते. साक्षरता सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येची आहे, आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाल्यामुळे त्याचे आकडे ठाण्यात धरलेले आहेत, एवढे तिच्यात असलेच पाहिजे.