झाकणातून राजवाडा

"घर में कोई लेडीज नहीं है क्या?"

हा प्रश्न मला परवा इंदुरातल्या राजवाड्यामागच्या एका भांड्यांच्या दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत विचारण्यात आला. विचारणारा पोरगा पंचविशीतला असेल. माझा गुन्हा एवढाच की माझ्या हातात कुकरची रिंग होती आणि ती मला परत करायची होती. गेली अठरा वर्षं आमच्या घरचा कुकर मी लावतो. सौ. सकाळी नऊला बँकेत जाते. आमचा कुकर किती शिट्ट्यांचा आहे हे तिला विचारलंत तर ती व्याजदर सांगेल. पण हे सगळं त्या काउंटरवर कसं सांगायचं? मी नुसता हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

झालं होतं असं की सोमवारी शिट्टी होईना. पाच लिटरचा, बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा कुकर. हँडलच्या खालून फुस्स करून वाफ जात होती आणि वरणाचं पिवळं पाणी ओघळून शेगडीवर करपत होतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, रिंग काढून फ्रीजरमध्ये ठेवा, आवळते. ठेवली. मुलाने तिला आइस्क्रीमच्या डब्याशेजारी पाहिलं आणि एक अक्षर न बोलता फ्रीज लावून टाकला. वाफ मात्र होती तशीच. मग दुकान गाठलं आणि "पाच लिटर" एवढंच सांगून १२० रुपयांची नवी रिंग आणली. ती इतकी जाड निघाली की झाकणाचं हँडल खालच्या हँडलवर येईचना, चार बोटं अलीकडेच अडायचं. काठाला तेल लावलं, कुकर गुडघ्यांत धरला, शेवटी जमिनीवर बसून पायाने रेटा दिला. तेवढ्यात कुरिअरवाला आला.

तर ती रिंग परत करायला गेलो आणि "लगाया हुआ रबर वापस नहीं होता" या सुभाषितापाठोपाठ ते लेडीजचं ऐकून घेतलं. वर, "ढक्कन क्यों नहीं लाए? पाँच लीटर में भी खड़ा अलग, चौड़ा अलग." हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. पण पहिल्या दिवशी माल विकायचा असतो.

पुन्हा घरी गेलो, झाकण घेऊन पुन्हा आलो. पिशवीतून काळं हँडल बाहेर डोकावत होतं आणि रिक्षात शेजारी बसलेली बाई पर्स सावरून जरा सरकून बसली.

दुकानात स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, गालात पान. मी आधी त्यांना मालक समजलो. पोरगा त्यांना गिऱ्हाईक समजत होता. प्रत्यक्षात ते सावलीसाठी बसले होते. त्यांनी काही न विचारता माझ्या पिशवीतून झाकण उचललं, शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि झाकण उलटं करून दुर्बिणीसारखं डोळ्याला लावलं. तसेच उठून पायरीवर गेले, आकाशाकडे पाहिलं, मग राजवाड्याच्या दिशेने वळले. रस्त्यातले दोघे थांबून तेही तिकडे पाहू लागले.

"भिया, इसमें से राजवाड़ा दिखना चाहिए. सातों मंजिल. यहाँ तो अमावस है."

मी म्हटलं वाफ बाजूने जातेय, रिंग गेलीय. त्यांनी पानाची पिंक सांभाळत माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गेलोय.

"बॉयलर पे था मैं. हुकुमचंद मिल. ९१ में बंद हुई."

मग व्याख्यान. कुकरच्या आत वाफेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. झाकण वीस सेंटीमीटरचं धरलं तरी त्याच्यावर एकूण तीनशे किलोच्या वर. "तीन क्विंटल, भिया! तीन बोरी गेहूँ!" एवढी वाफ त्या शिट्टीच्या नळीतून जायची, आणि नळीत तुरीच्या सालीचा बूच बसलाय. वाफेला कुठून तरी जायचंच, म्हणून ती ढिल्या रिंगेतून गेली. "आप जिसको गाली दे रहे हो, उसी रबर ने आपको बचाया."

मला घाम फुटला. म्हणजे नवी रिंग बरोबर मापाची निघून झाकण घट्ट बसलं असतं, तर वाफेला बाजूची वाटही बंद झाली असती. मग उरला एकटा सेफ्टी वॉल्व्ह. त्यातली धातू उष्णतेने वितळते आणि वाफ मोकळी होते. वॉल्व्ह धड असेल, आणि पूर्वी कुणी तिथे भलतंसलतं बसवलं नसेल, तर. आणि पोरगा मला १२० रुपयांत ते संकट विकत होता, वर घरात लेडीज आहेत का विचारत होता!

मी नकळत म्हणालो, "अरे देवा."

"अहो, मराठी का? मग आधी सांगायचं ना!" गृहस्थ म्हणाले. दहा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांशी हिंदीत झगडत होतो. हे इंदुरातच होऊ शकतं.

झाडूची काडी मागवून त्यांनी नळीतून काळा, कडक गोळा काढला, वरून पाणी ओतून धार पाहिली, मगच जुनी रिंग हातात घेतली. दुमडून दाखवली, तर बाहेरच्या कडेला बारीक चिरा. झाकणात बसवून उलटी केली, तर आपोआप गळून पडली. "ही पण म्हातारीच. पण आधी नळी, मग रिंग." आणि मग त्यांनी माझी खरी चूक काढली. मी पहिल्यापासून शिट्टी लावूनच कुकर चढवतो. आधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्यायची, मग शिट्टी ठेवायची. धारच आली नाही तर गॅस बंद. सोमवारी एवढं केलं असतं तर घरीच कळलं असतं. शिवाय पाहुण्यांसाठी डाळ पाऊण कुकर भरली होती. डाळ फेसाळते, तिला अर्ध्याच्या वर जागा द्यायची नाही. तो फेसच सालं घेऊन नळीत चढला होता.

पोरग्याने योग्य मापाची रिंग दिली. पुन्हा १२०. आधीची पडूनच आहे. खिळ्याला टांगलीय, पाहुणे विचारतात काय आहे. त्या रात्री कुकरने ठणठणीत तीन शिट्ट्या दिल्या आणि वरण मऊ झालं. काडीचे पैसे कुणी घेतले नाहीत, म्हणूनच बहुधा दुकानात काडी सुचली नसावी.

निघताना गृहस्थांनी हाक मारली. "घरी गेल्यावर कुकरच्या काठावर बोट फिरवा. पोचे पडले असतील तर नवी रिंगही गळेल. काठावर पळी आपटायची सवय आहे का कुणाला?"

आहे. मलाच. आमटी ढवळून झाली की दोनदा टणटण, त्याशिवाय मला स्वयंपाक झाल्यासारखं वाटत नाही.

"बायकोला," मी म्हणालो.

काउंटरवरून पोरगा खुशीत ओरडला, "तो है ना घर में लेडीज!"