मिळवली की मिळाली?

मी 22 वर्षं मुद्रितशोधन करतोय. म्हणजे दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करतो. पण ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळतं त्याला सगळंच कळतं, असा आमच्या घराण्याचा समज आहे. त्यामुळे भाच्याला आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्याबरोबर धाकट्या बहिणीने त्याला मोबाइलसकट माझ्याकडे पिटाळलं. "दादा, याने पोस्ट लिहिलीय. जरा नम्र करून दे. सासरच्या ग्रुपवर टाकायचीय."

पोस्ट अशी होती : "कठोर परिश्रम, जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर मी एनएमएमएस परीक्षेत घवघवीत यश संपादन करून शिष्यवृत्ती पटकावली!" खाली तीन ट्रॉफ्या, पाच फटाके आणि जोडलेले दोन हात.

"यात नम्रपणा कुठाय रे?"

"ते काय, हात जोडलेत की!"

सर्वात आधी मी 'पटकावली'ला हात घातला. त्या शब्दाला दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्याचा वास येतो. 'मिळवली' लिहिलं तरी वाक्याच्या तोंडाशी 'मी' उभाच. 'मिळाली' म्हटलं की मात्र 'मी'चा 'मला' होतो आणि मागच्या बाकावर जाऊन बसतो. आपल्या भाषेने ही सोय फार पूर्वीच करून ठेवलीय. मला ताप येतो, मला नोकरी लागते, मला शिष्यवृत्ती मिळते; आपण आपले नुसते हजर असतो.

"पण मामा, हे लॉटरी लागल्यासारखं वाटतंय."

कारट्याचं चुकीचं नव्हतं. पण मला एव्हाना नम्रतेचा जोर चढला होता. मी लिहिलं, "माझ्यासारख्या अतिसामान्य विद्यार्थ्याला, कसलीही पात्रता नसताना, ही शिष्यवृत्ती मिळाली." बहिणीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "दादा, वशिल्याने मिळाली असं वाटतंय. उद्या कोणी चौकशी लावेल." तेही खरंच. दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न, दोन्ही मिळून पास व्हायचं, वर गुणवत्ता यादीत यायचं, आणि पात्रता नाही म्हणे! हा नम्रपणा नव्हता, धडधडीत खोटं होतं.

मग आभार. "आईवडील, गुरुजन, मित्रपरिवार व ज्ञात-अज्ञात सर्वांचा ऋणी आहे." मी विचारलं, "अज्ञात कोण?" तो गप्प. "बरं, ज्ञात कोण? आणि त्यांनी नेमकं काय केलं?"

बराच वेळ नखं खाऊन झाल्यावर तो बोलला. बौद्धिक क्षमतेच्या पेपरात आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न असतात, ते त्याचे हमखास चुकायचे. शाळेतल्या बाई मधल्या सुट्टीत त्याला बेसिनवरच्या आरशापुढे उभं करून भिंतीवरचं घड्याळ हातात द्यायच्या आणि वाजले किती ते विचारायच्या. मागून बाकीची पोरं डबा धुवायला ओरडत असायची. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबांनी कामावर दोन अर्ध्या रजा टाकल्या होत्या.

"अरे गाढवा, मग हे लिही ना!"

"पण त्यात मला येत नव्हतं हे कळेल."

तेच तर कळायला हवं होतं. मला येत नव्हतं, बाईंनी शिकवलं, एवढ्यात त्याची मेहनतही आली आणि आभारही. जिद्द आणि चिकाटी आपोआप गळाली. ट्रॉफ्यांसाठी मात्र घासाघीस झाली. शेवटी एका फटाक्यावर तडजोड झाली.

एवढ्यात भावोजींचा फोन. "48 हजारांची शिष्यवृत्ती असं ठळक लिहा." हिशेब बरोबर होता : नववी ते बारावी, वर्षाला 12,000. पण ते एकदम हातात पडत नाहीत. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचा, वर्ग पास होत राहायचं, तेव्हा मुलाच्या बँकखात्यात त्या त्या वर्षाचे जमा होतात. शिवाय 48 हजार वाचून सासरकडची मंडळी पार्टी मागणार. मी "महिना 1,000 रुपये" लिहिलं. "कमी वाटतं हो," भावोजी कळवळले. म्हटलं, वाटू दे, खरं आहे.

शेवटची पोस्ट अशी झाली :

"मला एनएमएमएसची शिष्यवृत्ती मिळाली. नववी ते बारावी महिना 1,000 रुपये मिळतील. आकृत्यांचे प्रश्न मला जमत नव्हते. बाईंनी मधल्या सुट्टीत आरश्यासमोर घड्याळ धरून शिकवले. बाबांनी दाखल्यासाठी रजा काढल्या. सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत जाणाऱ्या आणि घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या कुणाला सरावाची पुस्तके हवी असतील तर माझी घेऊन जा."

सासरच्या ग्रुपवर अंगठे आले. मोठ्या जाऊबाईंनी स्वतःच्या मुलाचं अबॅकसचं प्रमाणपत्र टाकलं. दोघांनी पुस्तकं मागितली. मी खुशीत येऊन तीच पोस्ट शाळेच्या ग्रुपवर टाकायला लावली.

दहा मिनिटांत बाईंचं उत्तर आलं. "शाब्बास बाळा. डोळे भरून आले. 'आरश्यासमोर' नव्हे, 'आरशासमोर'. कुणी तपासून दिलं होतं का?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने टाइप केलं, "नाही बाई, माझं मीच लिहिलं."