परिचयाच्या कागदावर दंड हवेतच

"पाहुण्यांचा परिचय करून देताना कागदावर खुणा करू नका, वाचन यांत्रिक होतं. स्वल्पविराम, पूर्णविराम असतातच, तिथे थांबा. श्वास आपोआप घेतला जातो. जोर द्यायचाच तर पदव्या आणि पुरस्कारांवर द्या."

हा सल्ला मला पटत नाही. माझ्या मते परिचयाच्या कागदावर दंड, म्हणजे थांबण्याच्या उभ्या रेघा, असायलाच हव्यात. सुरुवात स्वल्पविरामापासून करते, कारण मुख्य घोटाळा तिथेच आहे. ही चिन्हं मराठीत १९व्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर कँडी यांच्या काळात रुळली आणि ती छापील वाक्याची रचना दाखवतात. ती डोळ्यांसाठी आहेत. बोलताना आपण बहुतेकदा वेगळ्याच ठिकाणी थांबतो. हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा:

गेली तीस वर्षं मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर काम करत, स्वतः गावोगाव फिरून मातीचे नमुने गोळा करून, त्यांचा अर्थ शेतकऱ्यांच्या भाषेत सांगणाऱ्या डॉ. अमुक तमुक यांना मी विनंती करते की त्यांनी आपले विचार मांडावेत.

यात स्वल्पविराम दोनच आहेत, दोन्ही पहिल्या अर्ध्या भागात. त्यानंतर शेवटपर्यंत थांबायला जागाच नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पाहुण्यांची सगळी विशेषणं नावाच्या आधी रांगेत उभी राहतात. त्यामुळे नावापर्यंत पोचताना वाचणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो. श्वास आपोआप घेतला जातो हे खरं, पण तो संपला की घेतला जातो, मग जागा कुठलीही असो. बरेचदा ती "शेतकऱ्यांच्या" आणि "भाषेत" यांच्या मधली असते. षष्ठीचा शब्द आणि त्याचं नाम असं तुटलं की श्रोत्याच्या मनात अर्थही तुटतो.

एका व्याख्यानमालेत माझ्याकडून याहून वाईट झालं. वाक्याची बांधणी अशीच होती. नाव उच्चारताच टाळ्या सुरू झाल्या, "यांना मी विनंती करते" त्यात बुडालं आणि पाहुणे अर्धवट उठून थांबले. बोलावलंय की नाही, हे त्यांना कळेना. ते दृश्य मी विसरलेले नाही.

तोच मजकूर आता असा लिहिते. । म्हणजे छोटा विराम, ॥ म्हणजे पूर्ण विराम, ✓ म्हणजे श्वास. दंड आपल्याला श्लोक-ओव्यांपासून ओळखीचे आहेत, म्हणून तेच वापरते. जोर द्यायचा म्हणून कागदावर ज्याच्याखाली रेघ ओढते, तो शब्द इथे ताऱ्यांमध्ये आहे.

गेली तीस वर्षं । त्या मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर काम करतायत. ॥ ✓

मातीचे नमुने । \*स्वतः\* गावोगाव फिरून गोळा करतात. ॥ ✓

आणि त्यांचा अर्थ । \*शेतकऱ्यांच्या\* भाषेत सांगतात. ॥ ✓

त्यांनी आता आपले विचार मांडावेत, अशी मी विनंती करते. ॥ ✓

आजच्या वक्त्या । डॉ. अमुक तमुक.

एका ओळीत एक श्वास. ओळ कागदाच्या कडेला संपते म्हणून तोडायची नाही, श्वास संपतो तिथे तोडायची. शेवटच्या ओळीआधी मुद्दाम ✓ आहे, म्हणजे नाव भरल्या श्वासावर येतं. विराम नावाच्या आधी आहे. नाव आणि आडनाव यांच्यात काहीही नाही. विनंती आधीच होऊन गेली आहे, त्यामुळे टाळ्यांत आता काही बुडत नाही.

आता जोराबद्दल. पदव्या-पुरस्कारांवर जोर दिला की यादी ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. वरच्या बाईंचं वेगळेपण "स्वतः" या शब्दात आहे, म्हणून रेघ तिथे. मराठीत जोराची जागा बरेचदा वाक्यच सांगतं: "च" किंवा "सुद्धा" लागलेला शब्द, नाहीतर क्रियापदाच्या लगेच आधीचा शब्द. वाक्याला एकच रेघ, काही वाक्यांना एकही नाही. आणि जोर म्हणजे आवाज चढवणं नव्हे. माइकवर चढवलेला आवाज फाटतो. शब्द थोडा सावकाश आणि सुटा म्हटला की पुरतं.

यांत्रिकपणाचा आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही. प्रत्येक शब्दाखाली रेघ आणि प्रत्येक तीन शब्दांनी दंड असला, तर वाचन खरंच पाठ म्हटल्यासारखं होतं. पण तो दोष खुणांच्या गर्दीचा आहे. शिवाय खुणा करून तालीमच केली नाही, तर डोळे शब्दाऐवजी खुणा वाचतात. दोन-तीनदा मोठ्याने वाचल्यावर त्या फक्त आठवण देतात.

खुणा पेन्सिलीने करा, कारण पहिल्या वाचनानंतर निम्म्या बदलतात. वाचन फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त वाक्यांच्या शेवटाकडे लक्ष द्या. "करतायत", "सांगतात" हे शब्द पुटपुटल्यासारखे येत असतील, तर ती ओळ तुमच्या श्वासाला लांब आहे. ती मध्ये तोडा आणि तिथे एक ✓ वाढवा. आवाज घुमणाऱ्या सभागृहात ॥ घरच्यापेक्षा लांब धरावा लागतो, म्हणून कार्यक्रमाआधी रिकाम्या सभागृहात माइकवर निदान शेवटची ओळ म्हणून पाहा.