थांब म्हटलंय मा तुका!

काल काकीने माझा आवाज ऐकता ऐकता मोबाइल सुपात पालथा घातला. ते अजून मनाला लागलंय.

वीजबिल भरायच्या एका अ‍ॅपसाठी वयस्कर माणसांना समजेल असं निवेदन लिहून, रेकॉर्ड करून द्यायचं काम मी घेतलं होतं. सावकाश बोला, अवघड शब्द नकोत, एवढंच सांगणं. 'टॅप करा'च्या जागी मी 'बोट टेकवा आणि लगेच उचला' लिहिलं. त्यातल्या 'लगेच उचला'चा मला फार अभिमान. बोट काचेवर अर्धा सेकंद रेंगाळलं तरी फोनला वाटतं दाबून धरलंय, आणि भलतंच काहीतरी उघडतं. मालवणला घरी आलोच होतो, म्हटलं काकीला ऐकवू.

काकी खळ्यात आमसुलं परतत होती. हात पुसून बसली.

"नमस्काऽऽर. आऽऽता आऽऽपण..."

"कोण रे ह्यो? आजारी आसा?"

"मीच आहे, काकी."

"मगे असो कित्याक बोलतस? माका बहिरी समाजलंस?"

इथे चूक माझीच. सावकाश म्हणजे शब्द ताणायचा नसतो. शब्द नेहमीच्याच वेगाने बोलायचा आणि वाक्य संपलं की थांबायचं. मी थांबलोही होतो, चांगले चार सेकंद! पण पुढचं वाक्य होतं, "बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक भरा."

"थांब हां, चष्मो हाडतंय," असं मोबाइलला सांगून काकी आत गेली. चष्मा देवघरात, बिल पत्र्याच्या डब्यात. ती परतली तेव्हा माझा आवाज पावतीपर्यंत पोचला होता.

"थांब म्हटलंय मा तुका!" मोबाइल उताणा, काकी उभी. "पावण्याक थांब म्हटल्यार पावणोय थांबता. ह्यो खंयचो?" आणि मोबाइल आमसुलांवर पालथा.

रात्री बसून निवेदनाचे पाच तुकडे केले. एका तुकड्यात एकच काम. आधी जागा, मग रंग, शेवटी कृती: "खाली उजवीकडे हिरवं बटण आहे. ते दाबा." आधी 'हिरवं बटण दाबा' होतं, त्यावर काकी दिसेल ते हिरवं दाबून मोकळी झाली असती. आकडे चार-चारच्या गटांत वाचायला सांगितले. शेवटी, "नंबर भरून झाला की बटण दाबा. तोवर मी गप्प बसतो."

काम देणाऱ्याचा निरोप आला: दोन मिनिटांच्या वर नको, लोक कंटाळतात. कुठले लोक? ह्याला स्वतःला आईचं बिल कोण भरतं, विचारायला हवं होतं. विचारलं नाही, पैसे यायचे आहेत.

आज काकीने आठ आकडे भरले आणि उरलेली आमसुलं परतायला उठली. अर्ध्या तासाने हाक आली, "झिला, तो अजून गप्पच आसा रे!"

तो गप्पच होता. अ‍ॅप मात्र वाट बघून बंद झालं होतं, आणि आठही आकडे गेले होते.

बिल मी भरलं.