कपाटात कोंडलेला फोन

रात्री अकराला फोनमध्ये ४६ टक्के चार्ज होता. सकाळी आठला जाग आली ती उन्हाने, कारण सहाचा गजर लावलेला फोन मरून पडला होता. मी रात्रभर झोपलो होतो, स्क्रीन बंद होती, फोन लोखंडी कपाटात कुलूपबंद होता. म्हणजे बंद खोलीत खून झाला होता आणि किल्ली माझ्याच उशीखाली होती.

कपाटाचं आधी सांगतो. झोपण्यापूर्वी तासभर फोन चाळायची सवय मोडावी म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी हा बंदोबस्त केला होता. या आत्मसंयमाचं घरात कुणी कौतुक केलं नव्हतं, म्हणून मीच अधूनमधून करत असे.

फोन मेल्याची बातमी कळताच सल्ले सुरू झाले. "अहो, ब्राइटनेस कमी करा." झोपलेल्या माणसाच्या बंद स्क्रीनचा ब्राइटनेस! मुलगा म्हणाला, "बाबा, झोपताना सगळी अ‍ॅप्स वर सरकवून बंद करत जा." ते मी महिनाभर निष्ठेने करत होतो. पुढे कळलं की हा उद्योग बहुतेकदा उलटाच पडतो. मागे निपचित पडलेलं अ‍ॅप फारसं काही खात नाही. त्याला हाकलून दिलं की पुढच्या वेळी ते पुन्हा पहिल्यापासून उभं राहतं आणि तेव्हा जास्त खातं.

शेवटी मी सेटिंग्जमध्ये जाऊन Battery usage उघडलं. तिथे पहिल्या नंबरावर एका अ‍ॅपपुढे ३८ टक्के लिहिलेलं पाहून मी ते रागाने उडवणारच होतो. पण माझ्या फोनवरचा तो आकडा बॅटरीचा नाही, खर्चातल्या वाट्याचा असतो. दिवसभरात दहाच टक्के गेले असतील, तर ३८ टक्के म्हणजे जेमतेम चार. खरी साक्ष देतो तो वरचा आलेख. तिथे फक्त रात्रीचा तुकडा बघायचा. रेघ जवळपास आडवी असेल तर फोन झोपला होता. पायऱ्या पायऱ्यांनी उतरत असेल तर कुणीतरी मधूनमधून उठून काम करत होतं. आणि घसरगुंडीसारखी एकसलग उतरत असेल तर कुणीतरी रात्रभर डोळा मिटलेला नाही.

माझी घसरगुंडी होती.

फोनला झोप येते ही माहिती मला नवीन होती. अँड्रॉइडमध्ये २०१५ साली, सहाव्या आवृत्तीपासून, डोझ नावाची सोय आली. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जरला नसेल, हलत नसेल आणि स्क्रीन बंद असेल, तर थोड्या वेळाने तो अ‍ॅप्सना गप्प बसवतो. मग अधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडतो, "काय ती कामं आत्ता उरका" म्हणतो आणि पुन्हा आडवा होतो. असा फोन सात-आठ तासांत साधारण दोन ते पाच टक्के खर्च करतो. माझा कपाटात इतका निश्चल असूनही झोपत नव्हता. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. इथे जागाच असलेला झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

मग मी वही काढली. एकाच रात्री पाच गोष्टी बदलायच्या नाहीत, नाहीतर चोर कोण ते कधीच कळत नाही, एवढी अक्कल मला उशिरा का होईना आली होती.

पहिल्या रात्री काहीच बदललं नाही, फक्त नोंद केली. अकराला ८४, सहाला ४३. सात तासांत ४१ टक्के. दुसऱ्या रात्री तोच फोन, तेच कपाट, फक्त एअरप्लेन मोड चालू आणि वायफायही बंद. हीच पहिली आणि सगळ्यात उपयोगी चाचणी. (गजर या मोडमध्येही वाजतो. फोन मात्र येत नाहीत, त्यामुळे सासूबाईंचा पहाटेचा फोन चुकला आणि त्याचा खुलासा मी अजून देतो आहे.) अकराला ८०, सहाला ७८!

या दोन टक्क्यांनी बराच निकाल लावला. बॅटरी म्हातारी झालेली नाही, नेटवर्कशिवाय जागं राहणारं कुणी आत नाही. एअरप्लेन मोडमध्येही वीस-तीस टक्के गेले असते, तर संशय जुन्या बॅटरीवर किंवा माइक चालू ठेवून तुमची झोप मोजणाऱ्या एखाद्या अ‍ॅपवर घ्यावा लागला असता. तुमची झोप मोजायला ते स्वतः जागत बसतं, बिचारं. पण आमचा चोर नेटवर्कच्या वाटेने येत होता.

तिसऱ्या रात्री एअरप्लेन मोड काढला आणि फोन कपाटाबाहेर टेबलावर ठेवला. ८५ चे ७२. म्हणजे ४१ वरून थेट १३. अठ्ठावीस टक्के नुसतं कपाट खात होतं.

कारण ऐकून मी ओशाळलो. लोखंडी कपाटात सिग्नल शिरायला मारामार. टॉवरचा आवाज ऐकू आला नाही की फोन स्वतःचा आवाज चढवतो, आणि संपर्क तुटला की शोधाशोध करत राहतो. दोन्हीला बॅटरी लागते. मी त्याला शांतपणे झोपायला ठेवलं होतं, तो आत रात्रभर "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" ओरडत होता. माझ्या आत्मसंयमाचं बिल तो भरत होता. ज्यांच्या घराच्या कोपऱ्यात एखादीच काडी येते, त्यांचंही हेच होतं, कपाट नसलं तरी. तिथे वायफाय चालू ठेवून वायफाय कॉलिंगची सोय असल्यास ती लावावी आणि मोबाइल डेटा रात्रीपुरता बंद करावा. किंवा फोनची जागा बदलावी, जे फुकट आहे.

पण १३ हेही जास्तच होते, आणि आता आलेखात पायऱ्या दिसत होत्या. यादीत फोटोंच्या बॅकअपचं अ‍ॅप वर आलं होतं, स्क्रीनवरचा वेळ शून्य आणि पार्श्वभूमीतला तीन तास. शोधायचं असतं ते हेच: ज्याला तुम्ही हातही लावला नाही आणि तरी जे तासन्‌तास राबलं. उघडून पाहिलं तर एका लग्नातला पावणेदोन जीबीचा व्हिडिओ महिनाभर वर चढत होता. निम्म्यावर जायचा, तुटायचा, पुन्हा सुरू. त्यातली पंचवीस मिनिटं मी खिशात फोन टाकून चालतानाची होती. सगळा काळोख आणि पायजम्याची सळसळ.

तो ऐतिहासिक दस्तऐवज मी पुसला. बॅकअपला फक्त वायफायवर चालायची ताकीद दिली. मग त्या अ‍ॅपचं बॅटरीचं पान उघडलं. तिथे Unrestricted निवडलेलं होतं, म्हणजे डुलकीच्या वेळीही याला मोकळीक. कधीतरी एक चौकट आली असणार आणि मी नेहमीप्रमाणे न वाचता होकार दिला असणार. ते Optimized केलं. Restricted करायला हात शिवशिवत होते, पण मेसेजच्या अ‍ॅपवर तो प्रयोग मी एकदा केला होता, तेव्हा रात्रीचे निरोप सकाळी अ‍ॅप उघडेपर्यंत कळले नव्हते. ज्याची तातडीने गरज नाही त्याच्याचपुरतं ते ठीक.

चौथी रात्र. ८२ चे ७७. रेघ आडवी, सुरेख. फक्त तीनच्या सुमारास तिच्यात एक छोटीशी पायरी होती. कोण उठलं म्हणून यादी पाहिली, तर सगळ्यात वर नाव होतं Settings.

रात्री तीनला उठून टक्के बघायला मीच गेलो होतो. दोनदा.