‘दोन्हीकडे किंमत टाकली की झालं’ ही रीत कुठवर चालते

“मॅडम, साध्या गोष्टीसाठी काहून एवढं लांबण लावता? जोडबिंदूची किंमत दोन्ही सूत्रांत टाकायची, बरोबर ठेवायचं, k निघते. माझ्या पोराच्या शिकवणीतले सर दोन ओळींत उत्तर काढून देतात आणि ते बरोबरच येतं. डावी लिमिट, उजवी लिमिट लिहिण्यात पोरांचा नुसता वेळ जातो.”
– अकरावीतल्या मुलाचे वडील, मानेवाडा, नागपूर

भाऊ, ती रीत मीही वापरते. कंटिन्युइटीच्या धड्यात एकाच फंक्शनचे दोन तुकडे, प्रत्येकाचं सूत्र वेगळं, जोडबिंदूवर न तुटता जुळावेत म्हणून k काढायचा असतो, आणि संध्याकाळच्या बॅचला या धड्याची पहिली चार-पाच गणितं फळ्यावर तशीच सुटतात. पण ती का चालते हे मुलाला माहीत नसेल, तर ती कुठे चालणार नाही हेही त्याला कळत नाही. माझं सगळं लांबण त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आधी तुमचं म्हणणं जिथे पूर्ण लागू पडतं ते उदाहरण घेऊ, आणि ते घरातलंच आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांच्या भागावर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांच्या भागावर १० टक्के. सूट आणि सेस सध्या बाजूला ठेवू. उत्पन्न x लाख धरलं, तर पहिल्या तुकड्याचा कर 0.05(x − 4) लाख. दुसऱ्या तुकड्यात दर १० टक्के आहे, म्हणून कर 0.10x + k अशा रूपाचा. आता k किती? ८ लाखांवर पहिलं सूत्र 0.20 देतं, म्हणजे २० हजार रुपये. दुसरं देतं 0.80 + k. दोन्ही सारखे हवेत, म्हणून k = −0.60, म्हणजे उणे ६० हजार. हे उणे ६० हजार विसरले, तर ८ लाख मिळवणाऱ्याला २० हजार कर आणि त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त मिळवणाऱ्याला एकदम ८० हजार. ‘स्लॅब बदलला की सगळ्या पगारावर जास्त दर लागतो’ असं जे पुष्कळांना वाटतं, ती भीती म्हणजे हा k विसरल्याचाच परिणाम आहे.

इथे तुमच्या दोन ओळी पुरल्या. पण त्या दोन ओळींत आपण काय केलं ते जरा थांबून बघा. दुसरं सूत्र फक्त ८ लाखांच्या पुढे लागू आहे. ८ लाखांवर ते लागूच नाही, आणि आपण तर त्यात ८ टाकून मोकळे झालो. जिथे सूत्राला अधिकार नाही तिथली किंमत त्या सूत्रातून काढली. मग जे 0.80 + k मिळालं, ती फंक्शनची ८ वरची किंमत नव्हे. ती उजवी लिमिट आहे, म्हणजे ८ च्या उजवीकडून जवळ जवळ येत गेलं की कर ज्या आकड्याकडे सरकतो तो आकडा. बहुपदीत, म्हणजे x, x², x³ आणि स्थिरांक यांच्या बेरीज-वजाबाकीत, लिमिट आणि टाकलेली किंमत एकच येते. म्हणून किंमत टाकायची मुभा मिळते. ही मुभा सूत्राच्या स्वभावातून येते, आणि सूत्र बदललं की ती आहे की नाही हे पुन्हा तपासावं लागतं.

आता जिथे ती मुभा नाही ते गणित. गेल्या आठवड्यात मी बॅचला हे दिलं होतं:

f(x) = (√(x + 7) − 3) / (x − 2), जेव्हा −7 ≤ x < 2
f(x) = kx, जेव्हा x ≥ 2

x = 2 ला फंक्शन कंटिन्युअस व्हावं म्हणून k काढा.

एका मुलीची वही माझ्यासमोर होती. तिने सवयीप्रमाणे 2 टाकला. वर √9 − 3, म्हणजे शून्य. खाली 2 − 2, तेही शून्य. पुढे तिने “= 0” लिहिलं, मग 2k = 0 आणि शेवटी k = 0 ला चौकट. शेजारच्या मुलाने त्याच जागी “0/0 = 1” लिहून k = 1/2 काढलं होतं. दोघंही हुशार आहेत आणि दोघांनीही तीच दोन ओळींची रीत वापरली. पण 0/0 ही संख्याच नाही. त्यातून शून्यही निघत नाही आणि एकही निघत नाही. ते दिसलं की एवढंच समजायचं की इथे किंमत टाकायची मुभा संपली, आता लिमिट खरोखर काढावी लागेल.

ती अशी निघते. वर आणि खाली √(x + 7) + 3 ने गुणा. वरचा गुणाकार (x + 7) − 9, म्हणजे x − 2 होतो. x हा 2 च्या डावीकडे आहे, 2 नाही, म्हणून x − 2 शून्य नाही आणि तो वर-खाली काटता येतो. उरतं 1/(√(x + 7) + 3). हे रूप 2 ला नीट वागतं, म्हणून आता खुशाल 2 टाका. 1/(3 + 3), म्हणजे डावी लिमिट 1/6. उजवीकडे kx ही सरळ रेषा आहे, तिथे किंमत आणि उजवी लिमिट दोन्ही 2k. म्हणून 2k = 1/6 आणि k = 1/12.

उत्तर बरोबर आहे का, हे घरी कॅल्क्युलेटरवर पाहता येतं. पहिल्या सूत्रात x = 1.9 टाकलं तर साधारण 0.1671 येतं, 1.99 टाकलं तर 0.16671. आकडा 0.1666… कडे चालला आहे हे दिसतं. k = 1/12 घेतलं तर 2 ला फंक्शनची किंमतही 0.1666…, जोड बसला. k = 0 घेतलं तर डावीकडून 0.1667 च्या जवळ येणारं फंक्शन 2 वर पोचताच शून्यावर पडतं. त्या मुलीला हे दोन आकडे तिनेच काढून दाखवायला सांगितले. चौकटीतलं उत्तर तिने स्वतःच खोडलं. एक काळजी मात्र घ्या. 2 च्या अगदीच जवळ, म्हणजे 1.9999999 वगैरे टाकू नका. आठ आकड्यांचं साधं कॅल्क्युलेटर वर्गमुळाचे शेवटचे आकडे कापतं आणि 0 किंवा 1 असं भलतंच दाखवतं. दोन-तीन दशांशापर्यंत जाणं पुरेसं आहे.

दुसरी जागा याहून फसवी आहे, कारण तिथे 0/0 सारखी धोक्याची खूण दिसत नाही. जोडबिंदूवरची किंमत वेगळी दिलेली असते:

f(x) = kx + 1, जेव्हा x < 1
f(x) = 4, जेव्हा x = 1
f(x) = 2x + k, जेव्हा x > 1

इथे ‘दोन्ही सूत्रं’ म्हणजे कोणती दोन? सूत्रं तीन आहेत. डावं आणि मधलं घेणारा k + 1 = 4 मांडतो, k = 3 लिहितो आणि खूश होतो. उजवं आणि मधलं घेणाऱ्याला 2 + k = 4 वरून k = 2 मिळतं. दोघांनाही आपण नेमकं उत्तर काढलं असं वाटतं. k = 3 ठेवून उजवीकडे बघा. 1 च्या पुढे गेलं की फंक्शन 5 च्या जवळ असतं आणि 1 वर मात्र 4, म्हणजे तुटलं. k = 2 ठेवलं तर डावीकडून 3 येतं, तेही तुटलं. डाव्या आणि उजव्या लिमिट एकमेकींशी बरोबर ठेवल्या तर k + 1 = k + 2, जे कधीच होत नाही. या गणिताचं उत्तर ‘असा k नाही’ हेच आहे. डावी लिमिट, उजवी लिमिट आणि प्रत्यक्ष किंमत या तीन ओळी मी मुलांकडून लिहून घेते त्या यासाठी. तीन ओळी लिहिल्या की तिसरी विसरत नाही.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट, जी मला या धड्यात सगळ्यात जास्त आवडते. k कुठे बसला आहे ते बघायची सवय मुलाला लावा. करासारखा तो नुसता मिळवलेला असेल, तर k बदलल्याने त्या तुकड्याचा आलेख जसाच्या तसा वर-खाली सरकतो. पुलाला लागणारा रॅम्प उतार न बदलता अख्खाच्या अख्खा उचलावा तसं. उचलत नेला की कुठेतरी तो पुलाच्या पातळीला येणारच. म्हणून k एकाच तुकड्यात मिळवलेला असेल आणि पलीकडची बाजू ठरलेली असेल, तर उत्तर नक्की मिळतं आणि एकच मिळतं. पण k गुणलेला असेल, जसं kx, तर k बदलल्याने रेषा x = 0 पाशी खिळून फिरते. जोड 2 ला असेल तर रेषेचं ते टोक वर-खाली होतं आणि काम भागतं. जोड 0 ला असेल तर k कितीही घ्या, तिथे kx शून्यच. डावीकडून 3 येत असेल तर तो जोड कधीच बसणार नाही. आणि डावीकडून 0 येत असेल तर कोणताही k चालेल. तेव्हा मुलाच्या वहीत 0 = 0 येतं, आपलं काही चुकलं समजून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि वेळ खरा तिथे जातो, भाऊ. उत्तर ‘प्रत्येक k’ असू शकतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्या मुलाला हे एक गणित द्या, आणि सरांच्या रीतीनेच करू द्या:

f(x) = (x² − 9) / (x − 3), जेव्हा x < 3
f(x) = x + k² − 1, जेव्हा x ≥ 3

x = 3 टाकल्यावर पहिल्या ओळीत तो काय लिहितो ते बघा. शेवटी k च्या दोन किंमती यायला हव्यात. एकच आली किंवा वर 0/0 पाशी पेन थांबलं, तर त्या पानाचा फोटो इथेच खाली टाका. कोणत्या ओळीवर गाडी अडली ते मी त्याला लिहून सांगते.