बूट घट्ट घेऊ नका: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"ऑफिसचे लेदर शूज घेताना फसू नका! १) बूट घट्टच घ्या, आपल्या कोल्हापुरी चपलेसारखे आठवड्याभरात पायाला बसतात. २) पुढून टोचत असेल तर एक नंबर मोठा घ्या. ३) सोलच्या कडेला शिवण दिसली म्हणजे गुडइयर वेल्ट, आयुष्यभर टिकणार. चिकटवलेला बूट घेऊच नका. ४) लेदर असली की नकली, काडी ओढून बघा. सर्वांना पाठवा."

आमच्या भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि थोरल्या दाजींनी त्यावर विश्वास ठेवून बूट आणलेसुद्धा. दाजी बँकेत काउंटरला असतात आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून साखर आहे. करंगळीच्या बाजूला फोड आला तो त्यांना कळलाच नाही. मोजा काढल्यावर ताईने पाहिला. मी बूट बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून हे लिहितोय. पहिल्या मुद्द्यावर जास्त बोलणार आहे, कारण तोच माणसाला इजा करतो.

कोल्हापुरात चप्पल लाईनच्या बाजारात नवी कोल्हापुरी घेताना दुकानदार घट्ट देतो, हे खरं आहे, आणि तो बरोबरच देतो. त्या चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं असतं. पट्ट्याला आत अस्तर नाही, आधाराला कापड नाही. घाम आणि तेल लागलं की पट्टा आणि अंगठा नरम पडून ताणले जातात. शिवाय चप्पल पुढून आणि मागून उघडी असते. बोटं थोडी पुढे गेली तरी त्यांना अडवायला काही नाही.

ऑफिसच्या बुटाची रचना याच्या अगदी उलट आहे. पायाच्या आकाराचा एक साचा असतो, त्याला लास्ट म्हणतात. बुटाचं वरचं चामडं त्या लास्टवर जोर लावून ओढतात आणि उष्णता देऊन तिथेच बसवतात. म्हणजे चामडं जेवढं ताणलं जाऊ शकतं, तेवढं कारखान्यातच बरंचसं ताणून घेतलेलं असतं. वर आत अस्तर, पुढच्या टोकाला कडक टो पफ, टाचेमागे कडक काउंटर. हे दोन्ही भाग आकार धरून ठेवण्यासाठीच घातलेले असतात. त्यामुळे बुटाची लांबी वापरून वाढत नाही. आठवड्याने नाही आणि वर्षानेही नाही.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. चवड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी जिथे बूट वाकतो तिथे, चामडं रुंदीला थोडं सैल होतं. वेल्टच्या बुटात, म्हणजे कडेच्या पट्टीला तळ शिवलेल्या बुटात, तळाच्या आत कॉर्कचा थर असतो, तोही वजनाने दबतो आणि पाय किंचित खाली बसतो. म्हणून नवा बूट चवड्यावर अंगाबरोबर बसत असेल, दुखत नसेल, तर चालेल. पण बोटं पुढे टेकत असतील किंवा करंगळी दाबली जात असेल, तर ती तक्रार बूट फाटेपर्यंत तशीच राहील.

साखरेच्या माणसाला तर हा सल्ला उघड धोक्याचा आहे. पायाच्या नसा मंदावल्या की योग्य मापाचा बूट सैल वाटतो, कारण तो जाणवतच नाही. घट्ट असेल तेव्हाच 'आता बसला' असं वाटतं. दाजींचं नेमकं तेच झालं. मधुमेही पायावर काम करणारा आयडब्ल्यूजीडीएफ नावाचा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गट आहे. त्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय की बुटाची आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त हवी, आतली रुंदी पायाच्या सर्वांत रुंद भागाएवढी हवी, बोटांना वरून पुरेशी उंची हवी, आणि माप उभं राहून, शक्यतो दिवसाच्या उत्तरार्धात बघावं, कारण तोवर पाय सुजलेले असू शकतात. ही सूचना मधुमेहींसाठी आहे, पण दिवसभर उभं राहणाऱ्या कुणालाही ती लागू पडते असं माझं मत आहे.

आता दाजींचेच आकडे घेऊ. भिंतीला टाच लावून, कागदावर उभं करून दोन्ही पाय मोजले. डावा २५.९ सेंटिमीटर, उजवा २६.३. माप नेहमी मोठ्या पायाचं धरायचं. आपल्याकडे चालणारे नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. त्या हिशोबाने ७ नंबरच्या लास्टची लांबी सुमारे २७.१ सेंटिमीटर येते, ८ ची २७.९ आणि ९ ची २८.८. कंपनीप्रमाणे यात फरक पडतो, पण अंदाजाला हे पुरेसं आहे. दाजींनी आणला होता ७. उजव्या पायापुढे जागा उरली आठ मिलिमीटर, तीही टोकदार बुटात. टोकदार बुटाचं पुढचं टोक नुसतं रिकामं असतं, तिथे बोटं पोचत नाहीत. बोटं त्याआधीच दोन्ही बाजूंनी दाबली जातात. म्हणजे कामाची जागा जवळजवळ शून्य.

लांबीला ८ बरोबर आहे. पण तोही टोकदारच घेतला, पुढून टोचला आणि मेसेजचा दुसरा मुद्दा ऐकून एक नंबर मोठा, म्हणजे ९ घेतला असता तर? लांबीत अडीच सेंटिमीटर जास्त झाले असते, म्हणजे त्या सूचनेच्या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे. खरी अडचण त्याहून मोठी आहे. बूट जिथे वाकायला बनवलेला असतो, तो त्याचा सर्वांत रुंद भाग. अंगठ्याच्या मुळाचं हाड बरोबर तिथे यायला हवं. नंबर वाढवला की तो भाग साधारण अर्धा सेंटिमीटर पुढे सरकतो, पाय मात्र तिथेच असतो. बूट एकीकडे वाकतो, पाय दुसरीकडे, आणि चामड्याची घडी बोटांवर टोचू लागते. टाचेला बूट रुंद होतो, मग पाय आत पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा त्याच निमुळत्या भागात जाऊन अडकतात. टाचेला घासतं ते वेगळंच.

रुंदीचा प्रश्न लांबीने सुटत नाही, तो लास्टचा आकार बदलून सोडवावा लागतो. पायाची आतली कड अंगठ्यापर्यंत जवळजवळ सरळ जाते. टोकदार लास्ट दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता असतो, तो अंगठ्याला बाहेरच्या बोटांकडे ढकलतो. दाजींसारखा चवडा रुंद असेल तर गोल टोकाचा, रुंद फिटिंगचा बूट बघायचा, आणि शक्यतो डर्बी, कारण त्याच्या लेसच्या पट्ट्या खालून मोकळ्या असतात आणि पायाची पाठ उंच असली तरी सामावते. ऑक्सफर्डमध्ये त्या पट्ट्या खालच्या टोकाला एकत्र शिवलेल्या असतात. नवा ऑक्सफर्ड बांधल्यावर पट्ट्यांमध्ये थोडी फट राहावी. फट मोठी असेल तर पायाची पाठ त्यात मावत नाही, आणि पट्ट्या पहिल्याच दिवशी पूर्ण जुळल्या तर पुढे सैल झाल्यावर आवळायला काही उरत नाही.

दुकानात अंगठ्याने पुढून दाबून बघायची सवय सोडा. टो पफ कडक असतो, दाबून काही कळत नाही. त्यापेक्षा उभं राहून पायाची बाह्यरेषा काढलेला कागद कापून न्या आणि बुटात सरकवा. कागद कडेला बराच दुमडला तर लास्ट तुमच्या पायासाठी अरुंद आहे. मग ऑफिसचेच मोजे घालून दोन्ही पायांत बूट घाला, उभं राहून अंगठ्याचं हाड बुटाच्या रुंद भागात आलंय का बघा आणि दुकानात थोडं फिरा. बूट काढल्यावर कातडीवर लाल वळ उठून राहिले तर तो जोड परत द्या. ज्यांची पायाची जाणीव कमी झाली आहे त्यांनी हा शेवटचा तपास दुसऱ्याच्या डोळ्यांनी करून घ्यावा, आणि ऑफिसचा तयार बूट आपल्याला चालेल का हेही आधी डॉक्टरांना विचारावं.

आता शिवणीचा मुद्दा. खऱ्या गुडइयर वेल्टमध्ये दोन शिवणी असतात. पहिली आत लपलेली, ती वरचं चामडं आणि वेल्टची पट्टी आतल्या तळाच्या उभ्या कडेला जोडते. दुसरी बाहेर दिसणारी, ती वेल्टला बाहेरचा तळ जोडते. तळ झिजला की दुसरी शिवण उसवून नवा तळ लावता येतो, वरच्या चामड्याला हात लावावा लागत नाही. फायदा खरा आहे, पण तो नवा तळ शिवून देणारा कारागीर मिळाला तरच. पैसे देण्याआधी ते विचारून घ्या.

बाहेर दिसणाऱ्या धाग्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. पुष्कळ बुटांवर ती शिवण रबरातच ओतलेली नक्षी असते. काहींत धागा खरा असतो, पण तो नुसत्या तळावर मारलेला असतो आणि बूट मुळात चिकटवलेलाच असतो. वेल्ट आणि वरचं चामडं यांच्यामध्ये नखाने हलकेच फाकवून बघा. खऱ्या वेल्टमध्ये आतली शिवण दिसते, नकलीत डिंकाची रेघ दिसते. बुटाच्या आत हात घालून बघा, आतल्या तळाला टाक्यांची रांग लागली तर तो ब्लेक पद्धतीचा बूट. लायमन ब्लेक यांनी ते शिवणयंत्र १८५८ मध्ये पेटंट केलं. एकाच शिवणीत आतून बाहेरचा तळ जोडला जातो, त्यामुळे बूट हलका आणि लवचीक होतो. पण तीच शिवण पाणी आत ओढते, म्हणून कोल्हापूरच्या पावसाळ्यात रोज घालायला तो नको.

चिकटवलेला बूट वाईट नसतो. चांगल्या डिंकाने, रबराच्या तळावर चिकटवलेला बूट रोजच्या ऑफिसला ठीक चालतो, फक्त तळ गेला की बहुधा बूटही जातो. यात जपायचं ते पीयूच्या, म्हणजे पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या तळाला. हवेतल्या ओलाव्याने तो आतून सुटत जातो. लग्नासाठी घेऊन डबाबंद ठेवलेला बूट दोन-तीन पावसाळ्यांनंतर बाहेर काढला तर तळाचा भुगा पडू शकतो. वापर कमी असेल तर पीयूपेक्षा रबर बघा.

काडीचं एवढंच सांगतो. ऑफिसच्या बुटाच्या चामड्यावर रंगाचा आणि प्लास्टिकचा लेप असतो, आधी जळतो तो लेप. त्यातून खऱ्याखोट्याचा निवाडा होत नाही आणि दुकानदाराचा बूट मात्र खराब होतो. जीभ किंवा लेसच्या पट्टीची कापलेली कड बघा. चामड्याच्या कडेला गुंतलेले तंतू दिसतात. रेक्झिनच्या कडेला वर गुळगुळीत थर आणि खाली कापड दिसतं.